कपाटात सापडलेला हा किडा कोणता? फोटोवरून कसर, बुकलाइस, कार्पेट बीटलची अळी आणि इअरविग ओळखण्याची रीत

पावसाळा संपता संपता जुनं कपाट उघडलं, तळाचं पुस्तक उचललं आणि काहीतरी सरकन पळालं. मोबाइल काढून फोटो घेतला, घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तरं आली: ‘वाळवी आहे’, ‘ढेकूण आहेत’, ‘उवा झाल्यात’, ‘लगेच औषध मारा’. यातलं एकही उत्तर बरोबर नसण्याची शक्यता बरीच असते.

घरातल्या कपाटात आणि जुन्या पुस्तकांत चार प्रकारचे किडे पुन्हा पुन्हा सापडतात: कसर, बुकलाइस, कार्पेट बीटलची अळी आणि इअरविग. या चौघांचं खाणं वेगवेगळं आहे. कसरीला खळ आणि कागद लागतो, बुकलाइसना बुरशी, कार्पेट बीटलच्या अळीला लोकर आणि रेशीम, तर इअरविगला कपाटातलं काहीच नको असतं. त्यामुळे ओळख चुकली की उपायही चुकतो. पुस्तकांवर फवारणी होते आणि त्याच वेळी शेजारच्या खणातल्या शालीला भोकं पडत राहतात.

ही ओळख बहुतेक वेळा साध्या मोबाइलच्या फोटोवरून होऊ शकते. त्यासाठी फोटो नीट काढलेला हवा आणि त्यात कुठे बघायचं हे माहीत हवं.

फोटो कसा काढायचा?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे माप. 1 मिलिमीटरचा आणि 10 मिलिमीटरचा किडा जवळून काढलेल्या फोटोत सारखाच मोठा दिसतो. म्हणून किड्याच्या शेजारी शाळेची पट्टी ठेवा आणि तिच्यावरच्या मिलिमीटरच्या रेघा फोटोत येऊ द्या. नाणंही चालतं, पण एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकारांत निघालेली असल्याने पट्टीवरून माप अचूक कळतं.

मोबाइल किड्याला चिकटवून फोटो काढला की तो धूसर येतो, कारण फार जवळच्या वस्तूवर कॅमेरा फोकस करू शकत नाही. मोबाइल एक वीत मागे घ्या, दोनपट झूम करा आणि नंतर फोटो कापून मोठा करा. खाली पांढरा कागद ठेवा. उजेड बाजूने येऊ द्या. समोरून फ्लॅश मारला तर चकाकी येते आणि केस, खवले, पट्टे काहीच दिसत नाहीत.

पळणारा किडा काचेच्या छोट्या बाटलीत घेऊन काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर तो मंदावतो. अगदी बारीक, ठिपक्यासारखा किडा असेल तर पारदर्शक चिकटपट्टीने उचलून ती पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवा.

तीन फोटो पुरेसे असतात: वरून एक, मागच्या टोकाचा एक आणि किडा जिथे सापडला त्या जागेचा एक. जागेच्या फोटोत कुरतडलेला कागद, कापडातलं भोक, भुकटी किंवा टाकलेली कात दिसत असेल तर अर्धी ओळख तिथेच होते. हे फोटो व्हॉट्सॲपवरून कुणाला पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे त्यांतला बारीक तपशील कमी होत नाही.

आधी मागचं टोक बघा

आपली नजर साहजिकच किड्याच्या तोंडाकडे जाते. पण या चौघांत सर्वांत स्पष्ट फरक मागच्या टोकाला दिसतो.

- मागे तीन लांब, बारीक धागे असतील तर ती कसर.
- मागे चिमट्यासारखी दोन कडक टोकं असतील तर तो इअरविग.
- मागे केसांचा झुपका असेल तर ती कार्पेट बीटलची अळी.
- मागे काहीच नसेल आणि किडा मोहरीच्या दाण्याहूनही लहान असेल तर तो बहुधा बुकलाइस.

एवढ्यावर थांबू नये, कारण कसरीचा एखादा धागा तुटलेला असू शकतो आणि धूसर फोटोत झुपका दिसत नाही. म्हणून पुढच्या खुणाही जुळवून पाहाव्यात.

कसर: चंदेरी, निमुळती आणि चपळ

इंग्रजीत ‘सिल्व्हरफिश’ म्हणतात तीच ही कसर. मराठीत ‘कपड्यांना कसर लागली’ असंही म्हटलं जातं, पण कपड्यांचं ते नुकसान कधी या किड्याने केलेलं असतं, तर कधी पुढे येणाऱ्या अळीने. त्यामुळे शब्दावरून नाही, तर फोटोवरून ठरवावं.

पूर्ण वाढलेली कसर साधारण 10 ते 15 मिलिमीटर लांब असते. आकार गाजरासारखा असतो, म्हणजे डोक्याकडे रुंद आणि शेपटीकडे निमुळता. पंख नसतात. डोक्यावर दोन लांब मिशा असतात. अंगावर बारीक चंदेरी किंवा करडे खवले असतात आणि बोटाने धरलं तर ते पावडरसारखे बोटाला लागतात. पिल्लंही मोठ्या कसरीसारखीच दिसतात, फक्त लहान आणि फिकट. त्यामुळे एकाच खणात 3 मिलिमीटरच्या आणि 12 मिलिमीटरच्या कसरी सापडल्या तर ते दोन वेगळे किडे नसून तिथे त्यांची वाढ सुरू आहे असा अर्थ होतो.

कसर रात्री बाहेर पडते आणि दिवा लावला की फटीत शिरते. तिला पिष्ठ आणि साखर आवडते. म्हणून पुस्तकाच्या पाठीची खळ, लेबलामागचा गोंद, खळ घातलेलं सुती कापड आणि कागदाचा वरचा थर हे तिचं खाणं. नुकसानीचा फोटो बघितला तर कागद वरवर खरवडल्यासारखा पातळ झालेला दिसतो आणि भोक असलंच तर त्याची कड वेडीवाकडी असते.

कागदात आरपार, गोल, टाचणीने पाडल्यासारखी भोकं असतील आणि खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर ते काम कसरीचं नाही. ते पुस्तक पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचं आहे. असं पुस्तक लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावं.

कसर किती आहे याचा अंदाज घेण्याची एक जुनी युक्ती आहे. काचेच्या छोट्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, आत पावाचा तुकडा टाकायचा आणि रात्री कपाटात ठेवायची. खरखरीत पट्टीवरून कसर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला परत वर येता येत नाही. आठवडाभर रोज मोजलं की एखादीच भटकी कसर आहे की वस्ती आहे हे कळतं.

बुकलाइस: पानावरून चालणारा ठिपका

बुकलाइस म्हणजे शब्दशः ‘पुस्तकातल्या उवा’. या नावामुळेच घरात घबराट होते. डोक्यातल्या उवांशी त्यांचं दूरचं नातं आहे, पण बुकलाइस माणसाला चावत नाहीत, रक्त पीत नाहीत आणि केसांत राहत नाहीत.

त्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर असतात. रंग फिकट पिवळसर ते तपकिरी. घरात आढळणाऱ्यांना बहुतेक वेळा पंख नसतात. नुसत्या डोळ्यांना फक्त चालणारा ठिपका दिसतो. फोटो मोठा केला तर तीन गोष्टी शोधाव्यात: अंगाच्या मानाने मोठं डोकं आणि फुगीर कपाळ, धाग्यासारख्या लांब मिशा, आणि मांड्या जाड असलेले मागचे पाय. शक्य असेल तर व्हिडिओ घ्या. बुकलाइस थोडं पळतात, थांबतात, पुन्हा पळतात आणि कधी कधी मागेही सरकतात.

गोंधळ दोन किड्यांशी होतो. पहिला म्हणजे ढेकणाचं पिल्लू. त्याचं अंग चपटं आणि गोलसर असतं, मिशा आखूड असतात आणि रक्त प्यायलेलं असेल तर पोटात लाल-काळा डाग दिसतो. दुसरा म्हणजे कोळ्याच्या कुळातला अतिसूक्ष्म माइट. त्याला सहसा आठ पाय असतात आणि मिशा नसतात, तर बुकलाइसना सहा पाय आणि लांब मिशा असतात.

बुकलाइस प्रामुख्याने पुस्तकावर धरलेली बारीक बुरशी खातात. म्हणजे त्या दिसल्या की समजावं, तिथे ओल आहे. यांच्यावर औषध फवारण्यात फारसा अर्थ नाही, कारण ओल कायम असेल तर बुरशी पुन्हा धरते आणि त्याही परत येतात. त्यांच्या शरीरातलं पाणी हवेच्या कोरडेपणाने उडून जातं. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली काही आठवडे टिकली तर त्या आपोआप मरतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे उघड्या खिडकीने जमत नाही, कारण बाहेरची हवाच दमट असते. तिथे कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, पुस्तकं दाटीवाटीने न लावणं आणि एसीच्या किंवा हवेतला ओलावा शोषणाऱ्या यंत्राच्या खोलीत ती हलवणं जास्त उपयोगी पडतं. पुस्तकं कडक उन्हात ठेवू नयेत. कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. पाऊस संपल्यावर सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवावीत.

कार्पेट बीटलची अळी: केसाळ, पट्टेदार आणि खरी नुकसान करणारी

चौघांत सर्वांत उशिरा लक्षात येणारी आणि महागात पडणारी हीच. घरात गालिचा नसला तरी ती असू शकते. तिला हवं असतं प्राण्यांपासून आलेलं काहीही: लोकर, रेशीम, पिसं, केस, चामडं आणि मेलेले किडे. शुद्ध सुती किंवा पॉलिस्टरचं कापड ती सहसा सोडून देते, पण त्यावर घामाचे किंवा खाण्याचे डाग असतील तर तेही कुरतडते.

फोटोत ती साधारण दोन रूपांत दिसते. पहिलं रूप 4 ते 5 मिलिमीटरचं, आखूड आणि जाडसर. अंगावर फिकट आणि गडद तपकिरी आडवे पट्टे, सगळीकडे ताठ केस आणि मागच्या बाजूला केसांचे झुपके. डिवचलं की हे झुपके पंख्यासारखे उघडतात. दुसरं रूप अधिक लांब, सुमारे 10 मिलिमीटरपर्यंतचं, सोनेरी तपकिरी, मागे निमुळतं होत गेलेलं आणि शेवटी लांब केसांची शेपटी असलेलं. ते घाईत कसरीसारखं वाटू शकतं, पण कसरीला चंदेरी खवले आणि तीन सुटे धागे असतात, हिला केसांचा एकत्र झुपका.

भिंतीवर लटकणारी, सिमेंटच्या कणांनी बनवल्यासारखी चपटी करडी पिशवी ही या अळीची नव्हे. ती एका पतंगाच्या अळीची असते. तीही केस आणि लोकर खाते, पण आपलं घर बरोबर घेऊन फिरते. कार्पेट बीटलची अळी उघडीच असते.

बऱ्याचदा फोटोतला ‘किडा’ हा किडा नसून नुसती कात असते. ही अळी वाढताना अनेकदा कात टाकते. कात पोकळ, हलकी आणि पाठीवर उभी चिरलेली असते, केस मात्र तसेच राहतात. म्हणून दहा काती सापडल्या याचा अर्थ दहा अळ्या आहेत असा होत नाही.

तिचे केस काही जणांच्या त्वचेला लागले की खाज आणि लाल पुरळ येतं. ते ढेकणाच्या चाव्यासारखं दिसतं आणि मग गादीवर नको ती फवारणी होते. ही अळी चावत नाही.

इअरविग: दिसायला भीतिदायक, कपाटाला निरुपद्रवी

इअरविग साधारण 10 ते 25 मिलिमीटर लांब, गडद तपकिरी आणि चपटा असतो. मागचा चिमटा हीच त्याची पक्की खूण. नराचा चिमटा बहुतेक वेळा वाकडा, तर मादीचा सरळ असतो. पाठीवर दोन आखूड, चामड्यासारखे पंख असतात आणि त्यांच्यामागे पोटाचा बराच भाग उघडा दिसतो.

तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो ही समजूत युरोपात फार जुनी आहे आणि त्याच्या इंग्रजी नावातही कान आलाय. पण कान ही काही त्याची राहण्याची जागा नव्हे. तो कुंडीतल्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहतो आणि पावसात दाराच्या फटीतून किंवा कुंडीबरोबर आत येतो. तो पुस्तकं किंवा कपडे खात नाही. कागदाने उचलून बाहेर टाकला की काम संपलं.

इथे मात्र एक चूक खरोखर त्रासदायक ठरते. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पेडेरस नावाचा भुंगेरा घाईत इअरविगसारखा वाटतो, कारण त्याचेही पंख आखूड आणि पोट उघडं असतं. तो 7 ते 10 मिलिमीटरचा, अंगावर केशरी आणि काळे भाग असलेला असतो, आखूड पंखांवर निळसर-हिरवी चमक असते आणि मागे चिमटा नसतो. तो अंगावर चिरडला गेला तर त्याच्या शरीरातल्या द्रवाने त्वचा भाजल्यासारखी होते आणि फोड येतात. म्हणून चिमटा नसलेला केशरी-काळा किडा हाताने मारू नये. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी.

एक उदाहरण, टप्प्याटप्प्याने

समजा, ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये नोव्हेंबरमध्ये आजींची लोकरीची शाल बाहेर काढली. घडीच्या आत चार भोकं. शेजारी जुन्या पोथ्या. खण ओढताच एक चंदेरी किडा पळाला, त्याचा फोटो काढला गेला. मागे तीन धागे, म्हणजे कसर. ओळख बरोबर आहे. पण शालीची भोकं कसरीने पाडली, हा पुढचा निष्कर्ष घाईचा ठरतो. कसरीचा ओढा खळ आणि कागदाकडे असतो, लोकरीकडे नाही. फोटोत आला तो किडा आणि नुकसान करणारा किडा एकच असेल असं नाही.

मग शाल पांढऱ्या चादरीवर झटकली. त्यातून तीन तपकिरी, केसाळ तुकडे पडले. पट्टीशेजारी ठेवून काढलेल्या फोटोत माप 4 मिलिमीटर, अंगावर पट्टे, पाठीवर चीर आणि आत पोकळ. म्हणजे कार्पेट बीटलच्या अळीची कात. भोकं लोकरीत आहेत, तीही न हलवलेल्या घडीत. सगळं जुळतं.

आता प्रश्न उरतो, ती आली कुठून? कपाटात दुसरं लोकरीचं काही नव्हतं. खिडकीच्या काचेजवळ मात्र 3 मिलिमीटरचे दोन गोलसर, ठिपकेदार भुंगेरे मेलेले सापडले. हा याच किड्याचा प्रौढ अवतार. तो फुलांतले परागकण खातो, त्यामुळे उजेडाकडे जातो. त्याच खिडकीच्या बाहेर कबुतराचं सोडून दिलेलं घरटं होतं. पिसं आणि मेलेले किडे असलेलं घरटं हे या अळीचं आवडतं ठिकाण. ते न काढता फक्त शाल धुतली असती तर पुढच्या वर्षी पुन्हा भोकं पडली असती.

उपाय असा झाला: रिकामं घरटं काढलं, कपाटाच्या फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ केल्या आणि शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून उणे 18 अंश सेल्सिअसच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली नाही. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडली, नाहीतर शालीवर पाणी साचतं. एका दाराच्या साध्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही, तिथे हा उपाय फसतो. पोथ्यांसाठी वेगळं काम करावं लागलं: खण पुसून कोरडा केला आणि कपाट भिंतीपासून पुढे ओढलं.

डांबरगोळ्यांचा वास उघड्या-बंद होणाऱ्या कपाटात विरून जातो, त्यामुळे अळीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. घरात तान्हं बाळ असेल तर त्या वापरूच नयेत, कारण काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशींना नॅफ्थलीनमुळे इजा होते.

फोटोवरून काय कळत नाही?

मोबाइलच्या फोटोवरून किड्याचा गट कळतो, नेमकी जात बहुधा कळत नाही. बुकलाइसच्या जाती तर सूक्ष्मदर्शकाखालीच वेगळ्या करता येतात. पण घरातला उपाय ठरवायला गट पुरेसा असतो.

फोटोवरून अंगावरच्या पुरळाचं कारणही सांगता येत नाही. कपाटात अळी सापडली आणि हातावर खाज आली, म्हणून दोन्हींचा संबंध आहेच असं नाही. खाज टिकली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि एकच किडा सापडला तर ती वस्ती समजू नये. खण रिकामा करून पुसावा, आठवडाभराने पुन्हा बघावं. पुन्हा काही सापडलं तर पट्टी शेजारी ठेवावी आणि पहिला फोटो मागच्या टोकाचा काढावा.